छोट्या अ‍ॅपमध्ये 'तुमच्यासाठी' म्हणून काय दाखवावं? मशीन लर्निंगआधी साधे नियम पुरतात का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून वाचनाचं एक लहानसं अ‍ॅप चालवतो. कथा, लेख, काही मालिका असा मिळून साधारण २,२०० नगांचा साठा आहे. महिन्याला ६,००० च्या आसपास माणसं येतात आणि एक जण महिन्यात सरासरी आठ गोष्टी उघडतो. आठवड्याला पंधराएक नवीन गोष्टी चढतात.

पहिल्या पानावर वर एक आडवी सरकणारी पट्टी आहे, 'सर्वाधिक वाचलेले'. त्यात २० कार्डं. दुखणं असं की गेल्या सात महिन्यांत पहिल्या दहातली आठ कार्डं हललेलीच नाहीत. वरती आहे म्हणून वाचलं जातं आणि वाचलं जातं म्हणून वरती राहतं.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, सरळ मशीन लर्निंग लावू. त्याने दोन शनिवार-रविवार खपून एक मॉडेल उभंही केलं. निकाल काय, तर ते जवळजवळ सगळ्यांना तीच वीस कार्डं सुचवतं! मला वाटतं आधी साधे नियम करून बघावेत. पण नेमके कोणते, आणि सुरुवात कुठून करायची? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा.

टिंबटिंब

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हीच रड आहे.

वाचनवेडी

मला रात्री झोपण्यापूर्वी रहस्यकथा लागतात, पण फार रक्तपात नको. एखादी लांब मालिका असेल तर सुचवा. अ‍ॅपचं नाव पण सांगा.

अर्धविराम

@वाचनवेडी, अहो हा धागा 'काय वाचू' असा नाही, 'वाचणाऱ्याला काय दाखवू' असा आहे :) पण तुमचा प्रतिसाद म्हणजे आमच्या अ‍ॅपला कळायला हवं ते सगळं तीन वाक्यांत आहे. आमच्याकडे हे विचारायची सोयच नाही.

भोपळेचौकट

सोपं आहे हो. एकूण वाचनं मोजणं बंद करा आणि काळाने भागा. हॅकर न्यूजचं सूत्र जगजाहीर आहे:

```
score = (votes - 1) / (age_hours + 2)^1.8
```

२४ तासांनी खालची संख्या ३५० च्या आसपास असते, ४८ तासांनी ११४० च्या. म्हणजे एक दिवस जुन्या गोष्टीशी बरोबरी करायला दोन दिवस जुन्या गोष्टीला तिपटीहून जास्त मतं लागतात. जुनं आपोआप खाली घसरतं. एका ओळीचं काम. पट्टी उद्यापासून हलायला लागेल.

टिंबटिंब

हे भारी आहे. उद्याच लावतो.

जुना_बैल

@टिंबटिंब, थांबा जरा.

हे सूत्र बातम्यांसाठी चांगलं आहे, कारण कालची बातमी आज खरोखर शिळी असते. कथा शिळी होत नाही. दोन वर्षांपूर्वीची चांगली कथा आज आलेल्या माणसासाठी कोरी करकरीतच आहे. धागाकर्त्याने १.८ घातलं तर २,२०० पैकी शेवटच्या तीस-चाळीस गोष्टी सोडून बाकी सगळा साठा माळ्यावर जाईल. आठवड्याला पंधराच नवीन येतात, म्हणजे पट्टी हलेल, पण त्याच पंधरांभोवती गोल फिरेल.

शिळी झाली ती पट्टी, आणि तीही त्या विशिष्ट वाचकासाठी. त्याने ते कार्ड चाळीस वेळा पाहिलंय, म्हणून त्याला कंटाळा आलाय. त्यामुळे मी क्रमवारीला हात लावायच्या आधी एकच नियम करेन: जे उघडलं ते या पट्टीतून त्या माणसापुरतं कायमचं बाद. जे तीनदा नजरेसमोर आलं आणि उघडलं नाही, त्याला त्या माणसासाठी ३० दिवस सुट्टी. बास. क्रमवारी तुमची जुनीच ठेवा, 'एकूण वाचनं' हीच. एवढ्यानेही प्रत्येकाची पट्टी वेगळी दिसायला लागते आणि कुठलंही मॉडेल लागत नाही.

आता मॉडेलने तीच वीस का सुचवली ते. ६,००० माणसं गुणिले २,२०० गोष्टी म्हणजे १ कोटी ३२ लाख चौकोनांचा तक्ता. महिन्याला भरतात ते ४८,००० चौकोन. दर पावणेतीनशे चौकोनांत एक. त्यातही बहुतेक भरलेले चौकोन त्याच वीस स्तंभांत, कारण तुम्ही तीच वीस दाखवत होतात. मॉडेलला तुमची पट्टीच पाठ झाली, आवडनिवड कळायला त्याच्याकडे काही नव्हतंच. मित्राला दोष देऊ नका, त्याने प्रामाणिकपणे काम केलंय.

भोपळेचौकट

बरं, १.८ ऐवजी ०.३ घाला मग. तत्त्व तेच.

जुना_बैल

०.३ ने घसरण मंदावेल हे मान्य, आणि नव्याला थोडा हात देण्यापुरतं ते वापरताही येईल. पण तुम्ही गोष्टीचं वय मोजताय आणि मी वाचकाचा कंटाळा. रोज येणाऱ्या माणसाला ०.३ ने काय फरक पडणार? त्याला उद्याही तेच दिसेल.

खडूफळा

आमचं अ‍ॅप शिकवण्याचं आहे, गणिताचे छोटे छोटे धडे. आमच्याकडे वरचं काहीच लागू पडत नाही. 'लोकप्रिय' धडा म्हणजे नेहमी धडा पहिला, कारण सगळे तिथून सुरू करतात आणि निम्मे तिथेच सोडतात. सुरुवातीला आम्हीही 'लोकप्रिय' पट्टी लावली होती, तर नवव्या धड्यावर असलेल्या मुलाला आम्ही पुन्हा बेरीज सुचवत होतो. मूल काय म्हणत असेल!

आम्ही शेवटी एकच केलं. अर्धवट सोडलेला धडा सर्वांत आधी, पूर्ण केला असेल तर त्याच्या पुढचा. हे एक कार्ड आमच्या निम्म्याहून जास्त उघडण्यांना कारण आहे. 'शिफारस' म्हणायलाही लाज वाटते.

जुना_बैल

लाज कसली? मालिकांना हाच नियम सर्वांत जबरदस्त आहे. @अर्धविराम, तुमच्याकडे मालिका आहेत म्हणालात. भाग तीन वाचून संपवलेल्याला भाग चार पहिल्याच कार्डावर दिसतो का?

अर्धविराम

...नाही. मालिकेच्या पानावर जाऊन शोधावा लागतो. 🙈

वाचनवेडी

बघा! म्हणूनच मी मालिका अर्ध्यात सोडते. पुढचा भाग कुठे गेला ते कळत नाही.

चिकट_नोंद

'एकूण वाचनं' हीच क्रमवारी ठेवा हे मला पटत नाही. ज्याला जास्त दाखवलं त्याची वाचनं जास्त, हे तर धाग्यातलंच दुखणं आहे. साधा उपाय: किती वेळा दाखवलं आणि त्यातून किती वेळा उघडलं, हा भागाकार घ्या. उघडलं भागिले दाखवलं. त्यावर लावा क्रम. न्याय्य आणि स्वच्छ.

भोपळेचौकट

+१. याला नाही म्हणता येणार नाही बैलबुवांना.

जुना_बैल

पाऊण बरोबर :) भागाकार हवाच, पण तो उघडाबोडका वापरलात तर वर येईल ती कालच चढलेली गोष्ट, जी तिघांना दिसली आणि दोघांनी उघडली. ६७ टक्के! त्यातला एक बहुधा लेखक स्वतः आणि दुसरा त्याचा भाऊ.

त्यावर तोडगा असा: प्रत्येक गोष्टीला जन्मतः थोडं उसनं भांडवल द्यायचं. तुमच्या अ‍ॅपमध्ये सरासरी शंभरात पाच वेळा कार्ड उघडलं जातं असं धरू. मग प्रत्येक गोष्ट '१०० वेळा दाखवली, ५ वेळा उघडली' या शिलकीनेच सुरू होते:

```
score = (opens + 5) / (shows + 100)
```

तीन गोष्टी घ्या. पहिली ३ वेळा दाखवली, २ वेळा उघडली. दुसरी १,२०० वेळा दाखवली, ९६ वेळा उघडली. तिसरी ४० वेळा दाखवली, ८ वेळा उघडली. नुसता भागाकार केला तर अनुक्रमे ६७, ८ आणि २० टक्के. उसनं भांडवल घातलं की पहिली ७ भागिले १०३, म्हणजे ६.८. दुसरी १०१ भागिले १,३००, म्हणजे ७.८. तिसरी १३ भागिले १४०, म्हणजे ९.३. भाऊबंदकीवाली खाली गेली, जुनी दमदार मधे राहिली आणि जिच्यात खरंच काहीतरी दिसतंय ती वर आली. पुराव्याशिवाय कोणी फार वरही जात नाही आणि फार खालीही जात नाही.

५ आकाशातून आणायचा नाही, स्वतःच्या नोंदींतून काढायचा. १०० हा मात्र तुमच्या हट्टाचा आकडा. ३० ठेवलात तर नव्यांवर लवकर विश्वास टाकता, ३०० ठेवलात तर उशिरा.

चिकट_नोंद

मान्य. पण मग कमी पुरावा असेल तेव्हा प्रमाणाचा सावध अंदाज देणारी विल्सनची खालची मर्यादा का नाही? १९२७ पासून आहे, सूत्र तयार मिळतं, आणि असा हट्टाचा आकडाही लागत नाही.

जुना_बैल

चालेल की. फक्त तिचा स्वभाव वेगळा आहे. ती पुरावा कमी असलेल्याला खालीच ढकलते, सरासरीकडे आणत नाही. शून्य वेळा उघडलेली नवी गोष्ट तिच्या हिशेबात शून्यावर. प्रतिक्रियांचा क्रम लावायला छान, पण जिथे नव्या मालाला वर यायची संधी द्यायचीय तिथे मला उसनं भांडवल बरं वाटतं. आणि हट्टाचा आकडा तिच्यातही आहे, खात्री ९५ टक्के हवी की ९० टक्के हा कुणीतरी ठरवलेलाच असतो.

चिकट_नोंद

हे मी मनातल्या मनात मान्य करतो, इथे नाही.

मीनाक्षी_द

सगळा धागा वाचला. मी एका ऑनलाइन मासिकाचं संपादन आठ वर्षं केलं आहे, त्यामुळे थोडं कडू बोलते.

'उघडलं' ही वाचकाची पसंती नाही, ती शीर्षकाची पसंती आहे. आमच्याकडे असाच भागाकार लावला गेला आणि सहा महिन्यांत लेखकांची शीर्षकं बदलली. 'त्या रात्री तिने दार उघडलं आणि...' या छापाची. आत काही नाही. तुम्ही जे मोजाल ते तुम्हाला भरभरून मिळेल, एवढं लक्षात ठेवा.

माझा नियम: २० पैकी पहिली तीन कार्डं माणसाने निवडायची, रोज. सूत्राने नाही. २,२०० गोष्टी एक माणूस आठवड्याभरात ओळखीच्या करू शकतो. अशा ठिकाणी संपादकाला बाजूला ठेवून नियम शोधत बसणं मला उलटंच वाटतं.

भोपळेचौकट

संपादकाची आवड म्हणजे संपादकाची आवड. वाचकाची कशावरून?

मीनाक्षी_द

आणि सूत्राची आवड कुणाची हो? तुमचीच ना, १.८ घालून.

टिंबटिंब

🍿

जुना_बैल

मीनाक्षीताईंचं शीर्षकाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्यावर उपाय म्हणजे 'उघडलं' ऐवजी 'शेवटपर्यंत गेलं' मोजायचं. पण तिथे दुसरा खड्डा आहे: दोन मिनिटांची गोष्ट सगळे संपवतात, चाळीस मिनिटांची फार थोडे. सरसकट मोजलंत तर पट्टीत फक्त चारोळ्या उरतील. म्हणून लांबीप्रमाणे तीन गट पाडायचे, लहान, मध्यम, मोठे, आणि प्रत्येक गोष्टीची तुलना तिच्याच गटातल्या सरासरीशी करायची. वरच्या सूत्रातला ५ प्रत्येक गटाला वेगळा, एवढंच.

तीन कार्डं माणसाने निवडायची याला माझा विरोध नाही, पण तीही पाहिल्यावर बाद व्हायला हवीत. संपादकाचं लाडकं कार्ड पंधरा दिवस जागचं न हलणं मी पाहिलंय.

मीनाक्षी_द

तो मी नव्हेच.

(रोज म्हणाले होते मी. पंधरा दिवस एकच कार्ड ठेवणारा आळशी संपादक, त्याला माझ्या खात्यावर टाकू नका.)

अर्धविराम

दोन दिवस नोंदी उकरत बसलो होतो, म्हणून उशीर. आमच्याकडे 'दाखवलं' याची नोंद आहे हे बघून आधी आनंद झाला. गेल्या महिन्याचे आकडे पट्टीतल्या जागेप्रमाणे काढले. पहिल्या जागेचं कार्ड ४१,००० वेळा दाखवलं, ३,३०० वेळा उघडलं. दहाव्या जागेचं ४०,६०० वेळा दाखवलं. विसाव्या जागेचं ४०,२०० वेळा दाखवलं आणि फक्त ४० वेळा उघडलं.

म्हणजे खालच्या गोष्टी खरंच टाकाऊ आहेत असं दिसतंय. भागाकार घेतला तर त्या अजूनच खाली जातील. मग काय फायदा?

चिकट_नोंद

हजारात एक? इतक्या वाईट कथा शोधून छापता का तुम्ही?

जुना_बैल

@अर्धविराम, कथांना नावं ठेवायच्या आधी आकडे परत वाचा. फोनच्या पडद्यावर तुमच्या पट्टीतली किती कार्डं एका वेळी मावतात?

अर्धविराम

अडीच. तिसरं अर्धवट दिसतं, सरकवावं म्हणून मुद्दाम तसं ठेवलंय.

जुना_बैल

आणि पहिलं कार्ड पाहणाऱ्या १०० पैकी ९८ जणांनी पट्टी विसाव्या कार्डापर्यंत सरकवली? तुम्ही स्वतः शेवटचं कधी सरकवलं होतं?

तुमची 'दाखवलं' ही नोंद सर्व्हरने वीस कार्डं पाठवली त्याची आहे. कुणाच्या डोळ्यासमोर आलं त्याची नाही. खरी नोंद असती तर जागेप्रमाणे आकडे उतरणीसारखे घसरले असते. आकडे सपाट दिसले की समजायचं नोंद चुकीची आहे. कुठल्याही अ‍ॅपमध्ये मी पहिली तपासणी हीच करतो, कारण हे चुकलं की वरचं प्रत्येक सूत्र उलटं काम करतं. विसाव्या जागेवरच्या बिचाऱ्या कथेला कुणी पाहिलंच नाही, आणि तिच्या नावावर ४०,००० नकार लिहिले गेले! तिला वर यायला जन्म जाईल.

आणि माझा 'तीनदा पाहून उघडलं नाही तर सुट्टी' हा नियम या नोंदींवर लावलात तर तीन वेळा अ‍ॅप उघडताच वीसच्या वीस कार्डं न पाहता गायब.

नोंद फोनवर करा: कार्डाचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर असेल तरच 'दाखवलं'. जाहिरातींच्या मोजणीत हाच निकष चालतो, तो उचलायला हरकत नाही. जुन्या नोंदी मात्र सोडून द्या. त्या दुरुस्त होत नाहीत.

टिंबटिंब

आत्ता आमच्या नोंदी बघितल्या. सपाट. पूर्ण सपाट. इस्त्री केल्यासारख्या.

मी तीन महिने त्यावर आलेख काढून साहेबांना दाखवतोय.

भोपळेचौकट

साहेबांना सांगू नका. नवे आकडे आले की 'सुधारणा' म्हणून दाखवा.

खडूफळा

अवांतर: आमच्याकडे उलटं झालं होतं. परत मागे आलं की कार्ड पुन्हा 'दाखवलं' म्हणून मोजायचं. एकच मूल एका धड्यासमोर ७० वेळा. आम्हाला वाटलं केवढा रस आहे त्याला. ते नुसतं बोटाने पट्टी मागेपुढे करत होतं.

जुना_बैल

हो, एका भेटीत एक कार्ड एकदाच मोजायचं. ते लिहायचं राहिलं.

चिकट_नोंद

धाग्यात 'हे वाचणाऱ्यांनी तेही वाचलं' याबद्दल कुणीच बोललं नाही. तोही नियमच आहे, मॉडेल नाही. गोष्ट वाचून संपली की खाली तीन कार्डं. आम्ही केलंय, बरं चालतं. फक्त पहिल्या दिवशी सगळ्या गोष्टींखाली एकच गोष्ट येत होती.

जुना_बैल

येणारच. समजा एक अतिलोकप्रिय कथा ६,००० पैकी १,५०० जणांनी वाचलीय, म्हणजे २५ टक्के. तुमची गोष्ट वाचली ८० जणांनी, त्यातल्या २४ जणांनी तीही वाचली, म्हणजे ३० टक्के. मोजणीत ती पहिली, पण २५ चे ३० झाले यात विशेष काय? दुसरी एक कथा सगळ्यांत मिळून ६० जणांनीच वाचलीय, १ टक्का. पण तुमच्या ८० पैकी ८ जणांनी वाचलीय, १० टक्के. दहापट! शेजार असा ओळखायचा. एरवीपेक्षा किती पट, ते बघायचं.

अट एकच, दोन्ही वाचणारे किमान पाच तरी हवेत. नाहीतर दोघांनीच वाचलेली एखादी कथा, त्यातला एक योगायोगाने तुमच्या ८० मध्ये, की लगेच पट ३७ वर जाते.

चिकट_नोंद

आम्ही पाचची अट घातली आणि निम्म्या गोष्टींखाली काहीच उरलं नाही.

जुना_बैल

तिथे त्याच लेखकाची किंवा त्याच विषयाची गोष्ट दाखवा. विरळ आकड्यांतून ओढून काढलेल्या शेजाऱ्यापेक्षा ते बरं.

मीनाक्षी_द

किंवा संपादकाला विचारा. (मी सोडणार नाही.)

अर्धविराम

तीन आठवड्यांनी परत आलोय. बरंच काही झालं, म्हणून जरा लांब लिहितो.

सर्वांत आधी मालिकेचा पुढचा भाग पहिल्या कार्डावर आणला. अर्ध्या दिवसाचं काम. @खडूफळा म्हणाले तसंच झालं, पट्टीतून उघडलं जाणारं सर्वांत मोठं कार्ड आता तेच आहे.

मग नोंद फोनवर आणली. पहिल्या पूर्ण आठवड्यात पहिल्या जागेचं कार्ड ९,६०० वेळा दिसलं, पाचव्या जागेचं २,३०० वेळा आणि विसाव्याचं १८० वेळा. उतरण आली! विसावं ११ वेळा उघडलं गेलं, म्हणजे साधारण ६ टक्के. हजारात एक म्हणून ज्यांना नावं ठेवली त्या कथा वरच्यांच्या फार मागे नाहीत. अकरा हा आकडा लहान आहे, आणि तिथवर सरकवणारा माणूस मुळात चिकाटीचा असणार, हे माहीत आहे. तरीही.

दुसऱ्या जागेवर आता नवी किंवा फार कमी दिसलेली गोष्ट ठेवतो. हिशेब असा केला: प्रत्येक नव्या गोष्टीला २०० वेळा खरोखर दिसण्याची हमी द्यायची तर आठवड्याच्या १५ गोष्टींना ३,००० लागतात. दुसरी जागा आठवड्याला ९,००० च्या आसपास दिसते. म्हणजे नव्यांना पुरून दोन तृतीयांश उरतात, ते जुन्या अडगळीतल्या गोष्टींना देतो. त्यातल्या दोन कथा, ज्या वर्षभर कुणी पाहिल्याच नव्हत्या, उसन्या भांडवलासकट १० च्या वर गेल्या.

एकूण उघडणी मात्र फार वाढलेली नाहीत. थोडी वाढ आहे, ती बहुतेक मालिकांच्या कार्डाची. वाढलं ते वेगळंच: आधी महिन्याला २,२०० पैकी ३०० च्या आसपास गोष्टी एकदा तरी उघडल्या जायच्या, आता तीन आठवड्यांतच ८०० च्या वर गेल्यात. मॉडेलवाला मित्र खूश आहे, म्हणतो आता माझ्या तक्त्यात चौकोन भरतायत.

आणि तक्रारी! 'काल इथे होती ती कथा कुठे गेली?' अशा सात आल्या. लोक कार्ड बघून ठेवतात, रात्री वाचू म्हणून, आणि आम्ही तोवर ते काढून टाकतो. एका बाईंनी तर लिहिलं, कथा लपवता कशाला, पैसे मागणार आहात का.

जुना_बैल

हे मी आधी सांगायला हवं होतं, माझी चूक. 'नुकतंच पाहिलेलं' म्हणून एक यादी कुठेतरी द्या, शेवटची पन्नास कार्डं. ती असली की तक्रारी कमी होतात.

दुसरी गोष्ट पुढे दिसेल म्हणून आत्ताच सांगतो. तुमचे रोज येणारे वाचक चांगला माल भराभर संपवतील, आणि नियम त्यांना क्रमाक्रमाने खालचा माल दाखवत जाईल. त्यांचा भागाकार घसरताना दिसेल. तेव्हा नियम बिघडला असं समजून घाईने काही बदलू नका. आधी नवे वाचक आणि जुने वाचक वेगळे करून बघा. जुन्यांचाच घसरत असेल तर तुम्हाला सूत्र नको, नव्या कथा हव्यात.

भोपळेचौकट

मग मशीन लर्निंग कधी? मूळ प्रश्न तो होता.

जुना_बैल

मूळ प्रश्न 'सुरुवात कुठून' असा होता, पण असो. माझ्यापुरतं उत्तर: दुसऱ्या जागेवरचं कार्ड काही महिने चालू द्या, आणि त्यातला काही भाग पूर्ण चिठ्ठ्या टाकून निवडा. ज्या दिवशी मॉडेल त्या नोंदींवर या नियमांना हरवून दाखवेल, त्या दिवशी. चिठ्ठ्यांची नोंद नसेल तर मॉडेल जिंकलं की पट्टीची जुनी सवय जिंकली, हे कुणालाच सांगता येत नाही.

चिकट_नोंद

महिन्याला सहा हजार माणसांवर तो फरक दिसेल का पण? मला शंका आहे. एक-दोन टक्क्यांचा फरक असेल तर वर्ष जाईल कळायला.

जुना_बैल

एक-दोन टक्क्यांचाच असेल तर मित्राने शनिवार-रविवारी विश्रांती घ्यावी.

मीनाक्षी_द

@अर्धविराम, संपादकाच्या तीन जागांचं काय झालं? त्या मोठ्या पोस्टमध्ये सोयीस्कर विसरलात.

अर्धविराम

विसरलो नाही, एक जागा ठेवलीय, चौथी. आम्ही तिघं आळीपाळीने निवडतो. आकडे सूत्राच्या कार्डांच्या जवळपासच आहेत, कधी वर, कधी खाली. यावर आमच्यातच अजून एकमत नाही.

आता नवीनच त्रांगडं. एका घरात फोन एकच, त्यावर आई वाचते आणि मुलगीही. आईने पाहिलेलं मुलीला दिसत नाही आणि मुलीने अर्धी सोडलेली मालिका आईच्या पहिल्या कार्डावर. अशा खात्यांचं काय करता तुम्ही लोक?

खडूफळा

आमच्याकडे एक बाबा मुलाच्या खात्यावरून अपूर्णांक शिकून गेले. मुलाला पुढचा धडा दशांशाचा आला, तो रडायला लागला. आम्ही अजून उपाय शोधतोय.

वाचनवेडी

मला रहस्यकथा कुणीच सुचवली नाही.

अर्धविराम

@वाचनवेडी, निरोप केलाय. सात भागांची आहे, रक्तपात नाही. पुढचा भाग आता आपोआप दिसेल.